ताळेबंद जुळत नाहीये? आधी फोटोतली तेरीज जुळवा (देणे खर्च आणि आगाऊ खर्चाचे नेहमीचे घोळ)

परवा रात्री पावणेदहाला भाच्याचा मेसेज, "मामा ताळेबंद ११,७५० ने जुळत नाहीये, तीनदा केलं". खाली दोन फोटो. एक मित्राच्या वहीतल्या तेरजेचा, कारण हा त्या दिवशी क्लासला गेलाच नव्हता, आणि दुसरा त्याने स्वतः सोडवलेल्या गणिताचा. अकरावी कॉमर्स, मराठी माध्यम, वैयक्तिक मालकीच्या दुकानाची अंतिम खाती. हाच प्रॉब्लेम मला वर्षातून पाच-सहा जणांकडून तरी येतो, फक्त आकडे बदलतात, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

सगळे करतात तसंच त्याने केलं होतं, ताळेबंद जुळला नाही की ताळेबंदाकडेच बघत बसायचं. पण फोटोवरून गणित उतरवलं असेल तर पहिली चूक बहुतेक वेळा व्यापार खात्याच्याही आधी, उतरवतानाच झालेली असते. त्यामुळे आधी फोटो.

त्याचा फोटो ट्यूबलाईटखाली काढलेला, मोबाईलची सावली बरोबर मधे, आणि वही उघडी धरायला मित्राचा अंगठा खालच्या डाव्या कोपऱ्यावर. अंगठ्याखाली एक अख्खं नाव गेलेलं, समोरची रक्कम मात्र उजवीकडे पुसटशी दिसत होती. आणि आकडे देवनागरी, हाताने लिहिलेले. ज्यांनी कधी व्हॉट्सॅपवर आलेला असा फोटो वाचलाय त्यांना माहितीये, घाईत लिहिलेला १ आणि ९ यात फरक फक्त वरच्या गोळ्याचा आणि शेपटीचा असतो, आणि फोटो दाबला जाऊन आला की तो फरकही जातो. याने बँक शिल्लक २१,५०० ऐवजी २९,५०० उतरवली होती, आणि अंगठ्याखालची शेवटची ओळ सोडूनच दिली होती.

मी त्याला म्हटलं, तू उतरवलेल्या तेरजेची बेरीज केलीस का. तर म्हणे "ती दिलेलीच असते ना, ४,८४,७५०, ती लिहिली मी". हेच ते. फोटोतली बेरीज आपण जशीच्या तशी खाली लिहितो आणि वरचे आकडे त्या बेरजेला येतात का ते बघतच नाही.

मग करायला लावली. नावे बाजूची आली ४,९२,७५०, जमा बाजूची ४,८४,०००. आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथेच बरेच जण फसतात. या दोन बेरजांमधला फरक ८,७५० आहे, आणि ८,७५० नावाचा आकडा तुम्ही अख्ख्या तेरजेत रात्रभर शोधलात तरी मिळणार नाही, कारण तो एका चुकीचा नाहीच. म्हणून दोन बाजू एकमेकींशी जुळवू नका, प्रत्येक बाजू फोटोतल्या तिच्या स्वतःच्या बेरजेशी जुळवा. नावे बाजू ८,००० ने जास्त. जमा बाजू ७५० ने कमी. झाले दोन वेगळे प्रश्न, आणि दोन्ही सोपे.

८,००० म्हणजे हजाराच्या घरातला एकच अंक चुकलाय आणि तोही ८ ने, आणि १ चा ९ झाला की फरक बरोबर ८ येतो. मग नावे बाजूला हजाराच्या घरात ९ कुठे लिहिलाय तेवढंच बघायचं, तर वीजबिल ९,७५० आणि बँक २९,५००, दोनच. फोटो मोठा करून बघितला तर बँकेचा ९ म्हणजे १ निघाला. आणि जमा बाजूचे ७५० म्हणजे थेट अंगठ्याखालची ओळ. मित्राला फोन केल्यावर कळलं, "देणे वीजबिल". (अंकांची अदलाबदल झाली असती, म्हणजे ९,७५० चं ७,९५० वगैरे, तर फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला असता. इथे ८,००० ला जात नाही, म्हणून तो संशय तिथेच सोडला.)

नीट वाचल्यावर तेरीज अशी होती, ३१ मार्च २०२४ ची:

| तपशील | नावे | जमा |
|---|---|---|
| भांडवल | | ९७,००० |
| उचल | १२,००० | |
| सुरुवातीचा साठा | ४२,००० | |
| खरेदी / खरेदी परत | २,१८,००० | ५,००० |
| विक्री परत / विक्री | ३,००० | ३,४०,००० |
| मजुरी | १८,००० | |
| आवक गाडीभाडे | ४,००० | |
| पगार (११ महिन्यांचा) | ३३,००० | |
| भाडे (१३ महिन्यांचे) | २६,००० | |
| विमा | ६,००० | |
| वीजबिल | ९,७५० | |
| ऋणको / धनको | ४६,००० | ३८,००० |
| मिळालेले कमिशन | | ४,००० |
| फर्निचर | ४०,००० | |
| रोख | ५,५०० | |
| बँक | २१,५०० | |
| देणे वीजबिल | | ७५० |
| एकूण | ४,८४,७५० | ४,८४,७५० |

समायोजना: अखेरचा साठा ४८,०००. मजुरी देणे २,०००. मार्चचा पगार द्यायचा आहे. भाडे एप्रिल २०२४ पर्यंतचं भरलंय. विमा १ जुलै २०२३ ला पहिल्यांदाच एका वर्षासाठी काढलाय. फर्निचरवर १० टक्के घसारा.

फोटोत बेरीजच कापली गेली असेल तर? तर दोन्ही बाजू एकमेकींशी जुळवण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि एकच आकडा झाकलेला असेल तर तो फरकावरून काढता येतो, पण बाकीचे सगळे बरोबर वाचलेत याची खात्री असेल तरच. दोन आकडे झाकलेले असतील तर अंदाज लावत बसू नका, फोटो परत मागवा. वही खिडकीजवळ सपाट ठेवून, पान दोन तुकड्यांत, वरच्या फोटोची शेवटची ओळ खालच्या फोटोत परत येईल असं, आणि व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे दाबला जात नाही. पुस्तकाच्या पानाचा फोटो असेल तर शिवणीकडचा रकाना आधी तपासा, पान तिथे आत वळतं आणि काठावरचा अंक दिसतच नाही, २,१८,००० चे १८,००० होतात.

असो. फोटो दुरुस्त झाला, बँक ८,००० ने खाली आली, आणि पठ्ठ्याचा परत मेसेज, "आता ३,७५० चा फरक येतोय, पण मामा, ११,७५० मधून ८,७५० गेले तर ३,००० राहायला हवेत ना??" चांगला प्रश्न होता खरं तर. ७५० ची ओळ त्याने दुरुस्त केली तरी फरक तेवढ्याने कमी का नाही झाला?

त्याचं उत्तर त्याच्याच वहीत होतं. "देणे वीजबिल" वाचल्या वाचल्या त्याने वीजबिल ९,७५० मधे ७५० मिळवून १०,५०० केलं, आणि ताळेबंदात देयतेलाही ७५० दाखवले. देणे हा शब्द दिसला की खर्चात मिळवायचं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की ते कुठे दिसलंय हे कोणी बघतच नाही.

देणे वीजबिल तेरजेच्या आत आहे. म्हणजे दुकानदाराच्या मुनीमाने ती नोंद आधीच केलेली आहे, वीजबिल खाते नावे, देणे वीजबिल खाते जमा. ९,७५० मधे ते ७५० आधीच धरलेत. त्यामुळे आत आलेली गोष्ट एकाच ठिकाणी जाते, ताळेबंदाच्या देयता बाजूला. समायोजनेत म्हणजे तेरजेच्या बाहेर जे दिलंय त्याची नोंद अजून झालेलीच नाही, म्हणून ते दोन ठिकाणी. आगाऊ खर्चाचंही हेच, तेरजेत नावे बाजूला "पूर्वदत्त विमा" असा वेगळा आकडा दिसला तर तो सरळ संपत्तीत न्यायचा, विम्यातून परत वजा करायचा नाही.

माझ्यासमोर बसलेल्या पोराला मी हे असं करायला लावतो: समायोजनेतल्या प्रत्येक रकमेपुढे दोन छोट्या चौकटी काढायच्या, तेरजेतल्या देणे-आगाऊ रकमेपुढे एकच, आणि आकडा लिहिला की लगेच टिक. शेवटी एखादी चौकट रिकामी राहिली किंवा एकीत दोन टिका पडल्या की चूक सापडलीच.

भाच्याची दुसरी चूक विम्याची. ६,००० चा विमा १ जुलैपासून वर्षाचा, म्हणजे ३० जून २०२४ पर्यंत. मार्चनंतरचे एप्रिल, मे, जून असे तीन महिने पुढच्या वर्षाचे, महिना ५०० प्रमाणे १,५०० आगाऊ. हे त्याने बरोबर काढलं. संपत्तीला १,५०० दाखवले, तेही बरोबर. पण नफातोटा खात्यात ६,००० मधून वजा करायच्या ऐवजी मिळवले, ७,५००. मजुरीत मिळवले, पगारात मिळवले, त्याच ओघात विम्यातही. अशा चुकीचा फरक नेहमी दुप्पट येतो, कारण ४,५०० च्या जागी ७,५०० गेले, ३,००० ने नफा कमी. म्हणून जुनी माणसं सांगतात की फरक निम्मा करून तो आकडा समायोजनेत शोध. ३,००० चे निम्मे १,५००, विमा, सापडला. पण तसं सापडायला चूक एकटी असावी लागते. इथे ३,७५० मधे विम्याचे ३,००० आणि विजेचे ७५० मिसळलेत, निम्मे केले तर १,८७५ येतात आणि त्याचा कशाशीच संबंध नाही. निम्म्याची युक्ती करून बघायची, पण दोन मिनिटांत नाही सापडलं तर चौकटी तपासायच्या.

दोन्ही चुका दुरुस्त झाल्यावर पाच मिनिटांत व्हॉइस नोट, "मामा जुळला!! दोन्हीकडे १,६०,५०० आणि नफा बरोब्बर ३२,०००!" आवाजात एवढा आनंद की खोटं बोलावंसं वाटलं. पण नफा चुकलेला होता.

आणि या पोस्टमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे, कारण ही चूक ताळेबंद कधीच दाखवत नाही. मार्चचा पगार देणे आहे, रक्कम दिलेली नाही, काढायची आहे. याने ३३,००० भागिले १२ केलं, २,७५०. पण ३३,००० हा अकरा महिन्यांचाच पगार आहे, मार्चचा दिलाच नाही म्हणून तर तो देणे आहे! ३३,००० भागिले ११, महिना ३,०००. याने २५० कमी धरले. आता बघा काय होतं, पगाराचा खर्च २५० ने कमी म्हणून नफा २५० ने जास्त, म्हणून भांडवल २५० ने जास्त, आणि देणे पगार २५० ने कमी. दोन्ही देयता बाजूलाच. एक वर गेलं, एक खाली आलं, बेरीज तीच १,६०,५००. म्हणजे पुस्तकात मागे उत्तर म्हणून फक्त ताळेबंदाची बेरीज दिली असेल तरी ते सुद्धा तंतोतंत जुळणार आणि तुम्ही खूश.

आगाऊ खर्चाची रक्कम चुकली तर एवढं तरी बरं असतं की बेरीज बदलते. समजा कोणी उलटे महिने मोजून विम्याचे नऊ महिने आगाऊ धरले, ४,५००, तर संपत्तीही ३,००० ने वाढते आणि नफाही, ताळेबंद जुळतो पण बेरीज १,६३,५०० येते, आणि मागच्या उत्तराशी ताडून बघितलं की कळतं. देणे खर्चात तेही कळत नाही. त्यामुळे उत्तर तपासताना निव्वळ नफा वेगळा ताडून बघा, नुसती बेरीज नाही.

भाड्यात हाच सापळा उलट्या बाजूने लावलेला असतो. २६,००० तेरा महिन्यांचे, भागिले १३, महिना २,०००, म्हणून एप्रिलचे २,००० आगाऊ. १२ ने भागलं तर २,१६६ रुपये आणि पैसे येतात, आणि शाळा-क्लासच्या गणितात असा तुटका आकडा आला की थांबायचं, बहुतेक वेळा भागणारा चुकलेला असतो. पगारात मात्र २,७५० पण गोंडस दिसतो, तिथे ही खूण उपयोगी पडत नाही, प्रश्न परत वाचायलाच लागतो.

दुरुस्त गणित एकदा सलग सांगतो. व्यापार खात्यात सुरुवातीचा साठा ४२,०००, निव्वळ खरेदी २,१३,०००, मजुरी १८,००० अधिक देणे २,००० म्हणजे २०,०००, गाडीभाडे ४,०००, सगळे मिळून २,७९,०००. समोर निव्वळ विक्री ३,३७,००० आणि अखेरचा साठा ४८,०००, म्हणजे ३,८५,०००. ढोबळ नफा १,०६,०००. नफातोटा खात्यात तो आणि कमिशन ४,००० मिळून १,१०,०००, त्यातून पगार ३६,०००, भाडे २४,०००, विमा ४,५००, वीजबिल ९,७५० जसं आहे तसंच, घसारा ४,०००, एकूण ७८,२५०. निव्वळ नफा ३१,७५०.

| देयता | रुपये | संपत्ती | रुपये |
|---|---|---|---|
| भांडवल (९७,००० + ३१,७५० − १२,०००) | १,१६,७५० | फर्निचर (४०,००० − ४,०००) | ३६,००० |
| धनको | ३८,००० | ऋणको | ४६,००० |
| देणे मजुरी | २,००० | अखेरचा साठा | ४८,००० |
| देणे पगार | ३,००० | आगाऊ भाडे | २,००० |
| देणे वीजबिल | ७५० | आगाऊ विमा | १,५०० |
| | | रोख | ५,५०० |
| | | बँक | २१,५०० |
| एकूण | १,६०,५०० | एकूण | १,६०,५०० |

ज्यांना चौकटी-बिकटी आवडत नाहीत त्यांच्यासाठी अजून एक चाळणी आहे, मी ऑफिसात हीच वापरतो. खाती करायच्या आधी कच्च्या कागदावर समायोजनेनंतरची तेरीज मांडा. देणे खर्चाने दोन्ही बाजू वाढतात, नावे बाजूला खर्च आणि जमा बाजूला देणे. आगाऊ खर्चाने बेरीज हलतच नाही, कारण रक्कम फक्त खर्चातून निघून आगाऊ खात्यात जाते आणि दोन्ही नावे बाजूलाच. घसाऱ्याचं तसंच, फर्निचरमधून निघून घसाऱ्यात. आणि अखेरच्या साठ्याने दोन्ही बाजू वाढतात. म्हणजे इथे ४,८४,७५० मधे मजुरीचे २,०००, पगाराचे ३,००० आणि साठ्याचे ४८,००० मिळवले की ५,३७,७५० आलेच पाहिजेत, दोन्हीकडे. आले तर समायोजनांच्या नोंदींच्या दोन्ही बाजू पडल्यात, आणि पुढे ताळेबंद जुळला नाहीच तर एखादी ओळ खात्यात न्यायची राहिली असेल किंवा चुकीच्या बाजूला गेली असेल, एवढाच शोध उरतो. भाच्याने विमा मिळवला होता तो इथे लगेच पकडला गेला असता, नावे बाजू ३,००० ने फुगली असती. अर्थात पगाराचे २,७५० इथेही सुटतात, दोन्ही बाजू सारख्याच २५० ने कमी दिसतात.

एक जण नेहमी विचारतं की खऱ्या दुकानात या नोंदींचं पुढे काय होतं, म्हणून तेवढं सांगतो. १ एप्रिलला आगाऊ विम्याचे १,५०० विमा खात्याला नावे टाकून आगाऊ खातं बंद करतात. एप्रिलमधे मार्चचा ३,००० पगार दिला की तो देणे पगार खात्याला नावे पडायला हवा, पगार खात्याला नाही. तो पगार खात्याला टाकला तर पुढच्या मार्चच्या तेरजेत पगार एका महिन्याने जास्त दिसतो आणि देणे पगाराचे जुने ३,००० तसेच जमा बाजूला लोंबकळत राहतात. मी एका किराणावाल्याच्या वहीत असे देणे पगाराचे पैसे सलग तीन वर्षं बघितलेत, तो माणूस नोकरी सोडून गावीही निघून गेला होता.